हवं ते फीचर आपल्याकडे नाही: ग्राहकाला कसं सांगायचं आणि त्याचं काम कसं मार्गी लावायचं

सपोर्टमध्ये नवीन असाल तर पहिल्या काही दिवसांतच एक टिकीट येतं, ज्यात ग्राहक एखादी सोय मागतो आणि ती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नसते. अशा वेळी दोन चुका हमखास होतात. एक तर ‘क्षमस्व, ही सुविधा सध्या उपलब्ध नाही’ एवढं लिहून टिकीट बंद केलं जातं. नाही तर ‘नाही’ म्हणायचा संकोच वाटतो म्हणून इतकं गोलगोल लिहिलं जातं की ग्राहक दोन दिवस त्या सेटिंगच्या शोधात बसतो. हा लेख या दोन्ही चुका टाळण्यासाठी आहे. एकच मागणी घेऊन ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत कशी हाताळायची ते बघू.

मागणी अशी आहे:

> रोज सकाळी नऊ वाजता आदल्या दिवशीच्या सगळ्या ऑर्डरची एक्सेल शीट माझ्या ईमेलवर आपोआप आली पाहिजे. सेटिंगमध्ये शोधलं, सापडलं नाही. कुठे आहे ते कळवा.

सॉफ्टवेअर ऑर्डर आणि साठा सांभाळणारं, ब्राउझरमध्ये चालणारं आहे असं धरू. त्यात ऑर्डरची यादी फिल्टर करता येते, फिल्टर सेव्ह करता येतो, यादी सीएसव्ही फाइल म्हणून उतरवून घेता येते. ठरलेल्या वेळी आपोआप ईमेल मात्र जात नाही.

## हाताशी काय हवं

- ग्राहकाचा प्लॅन, आणि लिहिणाऱ्या माणसाची खात्यातली भूमिका (मालक, अ‍ॅडमिन, साधा वापरकर्ता)
- त्याच प्लॅनवरचं आणि त्याच भूमिकेचं एक चाचणी खातं. आपल्या सपोर्टच्या लॉगिनला सगळंच दिसतं, म्हणून त्यावर केलेली तपासणी धरू नका.
- गेल्या काही महिन्यांच्या रिलीझ नोट्स
- फीचरच्या मागण्यांची अंतर्गत यादी, जिथे ही मागणी आधी आली होती का आणि तिच्यावर काय ठरलं हे लिहिलेलं असतं
- ग्राहक फाइल कशात उघडतो याची माहिती. या उदाहरणात एक्सेल, पण त्याची आवृत्तीही लागेल.

## १. खरंच नाही ना, याची आधी खात्री करा

‘सापडलं नाही’ याचे चार वेगळे अर्थ असू शकतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. सोय असते पण वेगळ्या नावाने असते. सोय असते पण वरच्या प्लॅनमध्ये. सोय असते पण या माणसाच्या भूमिकेला ते बटण दिसत नाही, मालकाला दिसतं. आणि चौथा अर्थ म्हणजे सोय खरोखरच नाही.

पहिले तीन तपासायला दहा मिनिटं पुरतात. चाचणी खात्यात ग्राहकाच्याच भूमिकेने लॉगिन करा आणि मालकाच्या भूमिकेनेही एकदा पाहा. रिलीझ नोट्समध्ये ‘शेड्यूल’, ‘ऑटो’, ‘ईमेल रिपोर्ट’ असे दोन-तीन शब्द टाकून शोधा. नवीन माणसाने इथे शेजारच्या सहकाऱ्याला विचारावंच, कारण सोय असताना ‘नाही’ सांगितलं गेलं आणि ग्राहकाला ती नंतर सापडली, तर तुमच्या पुढच्या कुठल्याच उत्तरावर तो विश्वास ठेवत नाही.

एक फरक बारकाईने बघा. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये दैनंदिन सारांशाचा ईमेल असू शकतो, म्हणजे कालच्या ऑर्डर किती आणि एकूण रक्कम किती एवढंच सांगणारा. तो या मागणीचं उत्तर नाही. ग्राहकाला ऑर्डरची यादी हवी आहे, आकडा नको. ‘आमच्याकडे दैनंदिन ईमेल आहे’ असं उत्साहाने लिहिलंत तर एक दिवस वाया जातो आणि दुसऱ्या दिवशी चिडलेलं टिकीट येतं.

## २. मागणीमागचं काम विचारा

ग्राहकाने मागितलं ते त्याला सुचलेलं उत्तर आहे. त्यामागचा प्रश्न तुम्हाला कळला तरच पर्याय सुचवता येईल. पण ‘तुम्हाला हे कशासाठी हवं आहे?’ असं सरळ विचारू नका. वाचताना ते जाब विचारल्यासारखं वाटतं. त्याऐवजी कामाबद्दल विचारा, आणि तीनपेक्षा जास्त प्रश्न विचारू नका:

> ही शीट आल्यावर ती कोण वापरतं, आणि त्यातून पुढे काय केलं जातं? त्यात कोणते रकाने लागतात? आणि नऊ वाजताच हवी असण्याचं काही कारण आहे का, की काम सुरू होण्याआधी मिळाली तरी चालेल?

या उदाहरणात उत्तर असं येतं: शीट पॅकिंग करणाऱ्या माणसाकडे जाते. त्याला सॉफ्टवेअरचं लॉगिन नाही. मालक रोज सकाळी स्वतः यादी उतरवतात, एक्सेलमध्ये नको ते रकाने काढतात, प्रिंट करून देतात. ऑर्डर क्रमांक, नाव, फोन, वस्तूचा कोड आणि नग एवढंच लागतं. पॅकिंग साडेनऊला सुरू होतं.

आता चित्र पालटलं. मागणी ईमेलची होती, गरज मात्र ही आहे की साडेनऊच्या आत पाच रकान्यांची यादी एका लॉगिन नसलेल्या माणसाच्या हातात पडावी आणि त्यात मालकांचा वेळ जाऊ नये. यातला ‘लॉगिन नसलेला माणूस’ हा तुकडा पहिल्या संदेशात कुठेच नव्हता, आणि पर्याय नेमका तिथूनच निघणार आहे.

ग्राहक घाईत असेल आणि प्रश्नांना उत्तर देणार नाही असं दिसत असेल, तर प्रश्न विचारून थांबू नका. पहिल्याच उत्तरात ‘सोय नाही’ हे सांगा, सगळ्यात संभाव्य पर्याय द्या आणि प्रश्न त्याच्या खाली ठेवा.

## ३. खरं कारण शोधा

अंतर्गत यादीत किंवा प्रॉडक्ट टीमकडे विचारा की ही सोय का नाही. उत्तर साधारण तीन प्रकारचं असतं: अजून कोणी बनवलेली नाही, विचार करून न बनवण्याचं ठरलं आहे, किंवा आपण ज्या बाहेरच्या सेवेवर अवलंबून आहोत ती ते करू देत नाही.

या तिन्हींची सरमिसळ करू नका. विशेषतः ‘बनवलेलं नाही’ याला ‘सुरक्षेसाठी दिलेलं नाही’ असा मुलामा देण्याचा मोह होतो, कारण ते ऐकायला भारदस्त वाटतं. पुढे तीच सोय आली की ग्राहक विचारतो, सुरक्षेचं काय झालं? त्याला उत्तर नसतं. नुसतं बनवलेलं नसेल तर तसंच सांगा. लोकांना ते पटतं.

आपल्या उदाहरणात कारण दुसऱ्या प्रकारचं आहे असं धरू. सॉफ्टवेअर फाइल उतरवून देताना त्या क्षणी लॉगिन असलेल्या माणसाचे अधिकार तपासतं आणि त्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच फाइलमध्ये टाकतं. सकाळी आपोआप जाणाऱ्या ईमेलमागे लॉगिन असलेला माणूसच नसतो. शिवाय यादीत लोकांची नावं, फोन, पत्ते असतात. एकदा फाइल मेलबॉक्समध्ये पोचली की ती पुढे कुणाला पाठवली गेली हे मालकालाही कळत नाही. कर्मचारी काम सोडून गेला आणि त्याचं लॉगिन बंद केलं, तरी त्याच्या मेलबॉक्समधल्या जुन्या फाइली तशाच राहतात. यादीतून त्याचा पत्ता काढायला कुणी विसरलं तर नव्याही जात राहतात.

हे सगळं ग्राहकाला सांगायचं नाही. त्याला दोन वाक्यं पुरतात:

> यादीत तुमच्या ग्राहकांचे फोन आणि पत्ते असतात, म्हणून ती फाइल फक्त लॉगिन केलेल्या माणसालाच आणि त्याच्या अधिकारांपुरतीच मिळते. ईमेलने आपोआप पाठवली तर ती कुणाकुणाकडे पोचली यावर तुमचा ताबा राहत नाही.

कारण त्याच्या बाजूने लिहिलंय हे बघा. ‘आमच्या आर्किटेक्चरमध्ये’, ‘आमच्या धोरणानुसार’ असे शब्द आले की कारण खरं असूनही सबब वाटतं. ‘तुमच्या ग्राहकांचे फोन’ म्हटलं की तेच कारण त्याच्या काळजीचं होतं.

## ४. पर्याय स्वतः चालवून बघा

यात सगळ्यात जास्त वेळ घाला. मदत लेखात वाचलेला पर्याय तसाच चिकटवला तर तो ग्राहकाकडे मोडतो, आणि मग ‘सोय नाही’ यापेक्षा ‘सांगितलेलंही चालत नाही’ याचा राग जास्त असतो. म्हणून चाचणी खात्यात, ग्राहकासारखाच डेटा घेऊन, त्याच्याच पायऱ्या करा.

पहिला पर्याय: पॅकिंगच्या माणसाला फक्त पाहण्याचं लॉगिन. गरज लॉगिन नसलेल्या माणसापाशी अडली होती, तेव्हा त्याला मर्यादित लॉगिन देणं हा सगळ्यात सरळ मार्ग. मालकांनी एकदा ‘कालच्या ऑर्डर’ असा फिल्टर बनवायचा, ते पाच रकाने आणि सोबत ऑर्डरच्या तारखेचा एक ठेवायचा, सेव्ह करायचा. पॅकिंगच्या माणसाने सकाळी ते पान उघडून प्रिंट काढायची. मालकांचा यात रोजचा काहीच वेळ जात नाही.

हे चालवून पाहताना तीन गोष्टी अडतात. एक, फिल्टर सेव्ह करताना तारीख कॅलेंडरमधून निवडली तर तीच तारीख कायमची सेव्ह होते. दुसऱ्या दिवशी उघडल्यावरही तीच जुनी यादी दिसते. ‘काल’ हा सरकता पर्याय निवडावा लागतो. ही चूक त्याच दिवशी कळत नाही, म्हणून तुमची चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून बघा. दोन, मालकांनी सेव्ह केलेला फिल्टर त्यांच्यापुरताच असतो. तो ‘सर्वांसोबत शेअर’ केला नाही तर पॅकिंगच्या लॉगिनला दिसणार नाही. तीन, फक्त पाहण्याच्या भूमिकेला फोनचा रकाना झाकलेला दिसतो का हे तपासा. झाकलेला असेल तर यादीतला एक रकाना कमी पडेल आणि ते आधीच सांगायला हवं.

आणखी एक जागा आहे जिथे आकडे चुकतात. ‘काल’ कधी सुरू झाला हे सॉफ्टवेअर खात्याच्या टाइमझोनवरून ठरवतं. खातं बनवताना टाइमझोन तसाच `UTC` या जागतिक प्रमाणवेळेवर राहिला असेल तर दिवसाची सुरुवात ग्राहकाच्या मध्यरात्रीला होत नाही, आणि दिवसाच्या कडेच्या काही ऑर्डर दुसऱ्याच तारखेत जाऊन बसतात. ओळखायची खूण सोपी: मध्यरात्रीनंतर लगेच आलेली एखादी ऑर्डर घ्या आणि ती फिल्टरमध्ये कोणत्या दिवशी दिसते ते बघा. उत्तर पाठवण्याआधी ग्राहकाच्या खात्याचा टाइमझोन तुम्हीच पाहून ठेवा.

दुसरा पर्याय: सीएसव्ही उतरवायची आणि एक्सेलला साफसफाई करू द्यायची. मालकांना लॉगिन द्यायचं नसेल, तर ते रोज करतात तेच काम कमी वेळात करता येतं. एक्सेल २०१९ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर नवीन कोरी वर्कबुक उघडून एकदाच ही जुळणी करायची:

1. `Data` टॅबमध्ये `From Text/CSV` निवडा आणि उतरवलेली फाइल दाखवा.
2. समोर येणाऱ्या खिडकीत `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` निवडा.
3. `Data Type Detection` मध्ये `Do not detect data types` निवडा.
4. `Transform Data` दाबा, नको असलेले रकाने काढून टाका, मग `Close & Load`.
5. वर्कबुक सेव्ह करा.

पुढे रोज नवी फाइल त्याच नावाने त्याच जागी ठेवायची आणि वर्कबुकमध्ये `Data` टॅबमधलं `Refresh All` दाबायचं. रकाने काढण्याचं काम एक्सेल आपोआप पुन्हा करतं.

दुसरी आणि तिसरी पायरी गाळली तर काय होतं ते ग्राहकाला माहीत असतंच असं नाही. सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक केलं की एक्सेल प्रत्येक रकान्याचा प्रकार स्वतःच्या अंदाजाने ठरवतं. `00417` हा वस्तूचा कोड `417` होतो. `3-12` असा कोड तारीख बनतो. मोठे क्रमांक `9.12E+11` असे दिसू लागतात, आणि १५ पेक्षा जास्त अंकांचा क्रमांक असेल तर पंधराव्या अंकापुढचे सगळे अंक शून्य होतात. देवनागरीतली नावं विचित्र चिन्हांमध्ये बदलू शकतात. यातलं नुसतं दिसण्यापुरतं काय आणि खरं नुकसान काय, हे समजून घ्या. `9.12E+11` हे, फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह करण्याआधी, रकाना रुंद करून आणि फॉरमॅट बदलून परत नीट दिसू शकतं. गेलेले शून्य आणि बदललेले अंक मात्र, ती फाइल सेव्ह केली की परत येत नाहीत. पुन्हा सॉफ्टवेअरमधूनच उतरवावी लागते. पॅकिंगसाठी कोड महत्त्वाचा असल्याने ही सूचना उत्तरात असायलाच हवी.

या पर्यायाचा आणखी एक सापळा आहे. ब्राउझर त्याच नावाची फाइल दुसऱ्यांदा उतरवताना जुनी पुसत नाही, नवीला `orders (1).csv` असं नाव देतो. वर्कबुक मात्र `orders.csv` हीच वाचत राहते. ग्राहक `Refresh All` दाबतो, काही चूक दाखवली जात नाही, आणि कालची म्हणून परवाची यादी प्रिंट होते. चूक दिसत नाही म्हणूनच ती धोक्याची आहे. क्रोममध्ये `Ask where to save each file before downloading` ही सेटिंग चालू केली की दर वेळी जागा विचारली जाते, आणि जुन्या फाइलवर क्लिक करून ‘बदला’ म्हणता येतं. तेही नको असेल तर उतरवण्याआधी जुनी फाइल काढून टाकायची सवय. दोन्हींत भर म्हणून ऑर्डरच्या तारखेचा रकाना यादीत ठेवायला सांगा, म्हणजे शिळी यादी नजरेस पडते.

तिसरा पर्याय: एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला आपल्या सॉफ्टवेअरमधून थेट डेटा घेता येण्याची वाट. ग्राहकाकडे स्क्रिप्ट लिहिणारा आणि पुढे सांभाळणारा माणूस असेल तरच सुचवा. गूगल अ‍ॅप्स स्क्रिप्टने ऑर्डर ओढून शीटमध्ये टाकता येतात आणि हवा असल्यास ईमेलही पाठवता येतो. पण तिथला रोजचा ट्रिगर ठरलेल्या मिनिटाला चालत नाही. तुम्ही एक तासाची खिडकी निवडता आणि तो त्यात कधीही चालतो. नऊच्या आत हवं असेल तर सात ते आठ ही खिडकी ठेवायची. ईमेलबद्दल जे कारण तुम्ही वर दिलंत तेच इथेही लागू आहे, फरक इतकाच की आता निर्णय आणि जबाबदारी ग्राहकाची. हे न लपवता सांगा. आणि एपीआयची चावी टिकिटात पेस्ट करू नका अशी ओळ सोबत जाऊ द्या, कारण टिकीट अनेक जण वाचतात.

आता निवड करा. ग्राहकाला तीनही पर्याय सारख्या तपशिलाने पाठवले तर तो गोंधळतो आणि बहुतेकदा एकही करत नाही. गरजेला सगळ्यात जवळचा एक पूर्ण लिहा, दुसरा दोन ओळींत. तिसरा इथे गाळायचा, कारण स्क्रिप्ट लिहिणारं कुणी असल्याची काही खूण त्याच्या बोलण्यात नाही.

## ५. उत्तर लिहा

क्रम असा ठेवा: पहिल्या दोन ओळींत ‘नाही’, लगेच कारण, मग पर्याय, मग त्या पर्यायात काय मिळणार नाही, आणि शेवटी तुम्ही पुढे काय करणार. ‘नाही’ आधी यायला हवं. पर्याय आधी लिहिला तर ग्राहकाला वाटतं की मागितलेली सोय हीच, आणि तो पायऱ्या करत जातो तसतसा ईमेल शोधत राहतो.

> नमस्कार सर,
>
> ठरलेल्या वेळी ऑर्डरची यादी ईमेलने आपोआप पाठवण्याची सोय आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, त्यामुळे ती सेटिंग तुम्हाला सापडली नाही. यादीत तुमच्या ग्राहकांचे फोन आणि पत्ते असतात, म्हणून ती फक्त लॉगिन केलेल्या माणसालाच आणि त्याच्या अधिकारांपुरतीच मिळते.
>
> पॅकिंग करणाऱ्यांना साडेनऊच्या आत यादी मिळावी आणि तुमचा वेळ वाचावा, यासाठी त्यांना ‘फक्त पाहणे’ या भूमिकेचं लॉगिन देणं सगळ्यात सोपं पडेल. तुमच्या प्लॅनमध्ये आणखी एक वापरकर्ता जोडता येतो, जादा पैसे लागत नाहीत. एकदाच करायच्या पायऱ्या:
>
> १. ऑर्डरच्या यादीत तारखेच्या जागी ‘काल’ निवडा. कॅलेंडरमधून तारीख निवडू नका, नाहीतर रोज तीच तारीख दिसेल.
> २. ऑर्डर क्रमांक, ऑर्डरची तारीख, नाव, फोन, वस्तूचा कोड आणि नग एवढेच रकाने ठेवा.
> ३. फिल्टर सेव्ह करा आणि ‘सर्वांसोबत शेअर’ चालू करा.
> ४. नवीन वापरकर्ता जोडून त्याला ‘फक्त पाहणे’ ही भूमिका द्या.
>
> हीच जुळणी आम्ही चाचणी खात्यात सलग दोन दिवस चालवून पाहिली आहे. फोनचा रकाना या भूमिकेला दिसतो. तुमच्या खात्याचा टाइमझोनही बरोबर आहे.
>
> यात यादी आपोआप येणार नाही, पॅकिंग करणाऱ्यांना सकाळी पान उघडून प्रिंट घ्यावी लागेल. त्यांना लॉगिन द्यायचं नसेल तर कळवा. तुमच्या एक्सेलमध्ये नको ते रकाने आपोआप निघून जातील अशी जुळणी सांगतो.
>
> तुमची गरज आम्ही प्रॉडक्ट टीमकडे नोंदवली आहे. ही सोय येईलच असं आत्ता सांगता येणार नाही, पण त्यावर काही ठरलं तर तुम्हाला कळवू. परवा सकाळी यादी नीट मिळाली का ते विचारायला मी पुन्हा लिहीन.

‘चालवून पाहिली आहे’ हे खरंच पाहिली असेल तरच लिहायचं. एक दिवसच पाहिली असेल तर एक दिवस लिहा. प्लॅनबद्दलची ओळही तपासूनच घाला. नवा वापरकर्ता जोडल्यावर बिल वाढलं तर आधीचं सगळं नीट लिहिलेलं वाया जातं.

टाळायचे शब्दही सांगून ठेवतो. ‘सध्या उपलब्ध नाही’ यातला ‘सध्या’ ग्राहक ‘लवकरच येणार’ असा वाचतो. येणार असल्याचं नक्की नसेल तर तो शब्द काढा. ‘फक्त’, ‘अगदी सोपं आहे’ हे पायऱ्यांच्या आधी नको. ज्याला त्या जमल्या नाहीत त्याला ते लागतं. आणि एकच ‘क्षमस्व’ पुरे, तेही चूक आपली असेल तर. सोय नसणं ही चूक नाही.

## ६. ग्राहक उलटून बोलला तर

तीन प्रकारची उत्तरं नेहमी येतात.

‘दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.’ वाद घालू नका, दुसऱ्यांना नावं ठेवू नका. असेल, असं मान्य करा. मग विचारा की तिथे ती फाइल आल्यावर पुढे तिचं काय केलं जातं. यातून बऱ्याचदा गरजेचा एखादा राहिलेला तुकडा हाती लागतो.

‘मग कधी येणार?’ तारीख ठरलेली नसेल तर ती तोंडातून काढू नका, अंदाजही नको. ‘पुढच्या तिमाहीत बहुतेक’ यातलं ‘बहुतेक’ कुणाच्याच लक्षात राहत नाही. काम प्रत्यक्ष सुरू असेल आणि ते बाहेर सांगायची परवानगी असेल, तर तेवढंच सांगा.

‘घेताना तुमच्या माणसाने आहे म्हणून सांगितलं होतं.’ हे मात्र वेगळं प्रकरण आहे. इथे पर्याय पुढे करत बसलात तर टाळाटाळ वाटेल. त्या वेळचा ईमेल किंवा प्रस्ताव असेल तर मागा, वरिष्ठांकडे आजच द्या, आणि कुणाकडे दिलंय व उत्तर कधीपर्यंत येईल हे ग्राहकाला लिहा. विक्रीतल्या सहकाऱ्याची बाजू घेऊ नका आणि त्याच्यावर ढकलूही नका. ग्राहकाच्या दृष्टीने तुम्ही दोघं एकच आहात. पैसे परत देणं किंवा प्लॅन बदलून देणं हा निर्णय तुमच्या हातात नसतो, त्यामुळे त्याबद्दल आशा लावणारं काही लिहू नका.

## ७. टिकीट बंद करण्याआधी

अंतर्गत यादीत मागणी नोंदवताना ‘शेड्यूल्ड ईमेल रिपोर्ट हवा’ एवढंच लिहिलं तर प्रॉडक्ट टीमला त्यातून काहीच कळत नाही. गरज लिहा: ‘लॉगिन नसलेल्या पॅकिंग कर्मचाऱ्याला रोज काम सुरू होण्याआधी कालच्या ऑर्डरची सहा रकान्यांची यादी छापील हवी, आज मालक हाताने करतात.’ त्याखाली ग्राहकाचा प्लॅन, आपण दिलेला पर्याय आणि तो चालला की नाही हे लिहा. अशा नोंदींवरून कधी कधी वेगळंच फीचर निघतं, जसं की लॉगिनशिवाय एका दिवसापुरती उघडणारी छपाईची लिंक.

नोंद आधीच असेल तर नवी बनवू नका, हे टिकीट तिला जोडा. सोय आली किंवा मागणी कायमची नाकारली गेली, तर जोडलेल्या टिकिटांवरूनच ग्राहकांना कळवलं जातं. जोडलं नाही तर उत्तरात दिलेलं ‘तुम्हाला कळवू’ हे वचन कुणीच पाळत नाही.

पाठपुरावा ग्राहकाच्या कामाच्या वेळेला धरून करा. या उदाहरणात परवा सकाळी दहानंतर, कारण तोपर्यंत यादी दोनदा निघालेली असेल आणि तारीख अडकण्याची चूक झाली असेल तर दिसलेली असेल. ‘सगळं ठीक ना?’ असं विचारू नका. ‘आजच्या यादीत कालचीच तारीख दिसते ना, आणि कालच्या सगळ्या ऑर्डर त्यात आल्या का?’ असं विचारा. होकार आला की टिकिटाचा शेरा ‘सोडवलं’ न ठेवता ‘फीचरची मागणी, पर्याय दिला’ असा ठेवा, म्हणजे महिनाअखेरीला मोजताना ही मागणी झाकली जात नाही.